‘नांदायला ये’ असा दावा आलाय, उत्तर काय द्यायचं?

वाचकाचं पत्र

वकीलताई, नमस्कार. माझं लग्न २०१८ साली कोल्हापुरात झालं. संसार पुण्यात, सासू-सासऱ्यांसोबत. मुलगी पाच वर्षांची आहे. पतपेढीतल्या नोकरीचा पगार पहिल्या महिन्यापासून सासूबाईंच्या हातात द्यावा लागे. त्यावरून वाद होत, दोनदा नवऱ्याचा मारही खाल्ला. एकदा कानाला लागलं, दवाखान्यात जावं लागलं. गेल्या वर्षी १२ नोव्हेंबरला भांडणानंतर नवऱ्यानेच मला आणि मुलीला स्वारगेटला एसटीत बसवून दिलं. तेव्हापासून मी माहेरी आहे. जूनमध्ये मी पोटगीसाठी वकिलाची नोटीस पाठवली. ऑगस्टमध्ये त्यांची ‘नांदायला ये’ अशी नोटीस आली, तिला मी उत्तर दिलं नाही. आता गेल्या मंगळवारी पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाचं समन्स आलं. मी विनाकारण घर सोडून गेले असं दाव्यात लिहिलंय. भाऊ म्हणतो, पोलीस येऊन घेऊन जातील. मामा म्हणतात, तारखेला जाऊच नको, दावा आपोआप निघून जाईल. कोर्ट मला जबरदस्तीने पाठवू शकतं का? मला संसार मोडायचा नाही, पण त्या घरात परत जायचं नाही.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर

ताई, भावाची भीती आधी काढून टाका. या दाव्याच्या निकालावरून पोलीस दारात येत नाहीत आणि तुम्हाला हाताला धरून कोणी पुण्याला नेत नाही. मामांचा सल्ला मात्र मोडून काढा, कारण तुमचं खरं नुकसान त्यातून होईल. तारखेला गेला नाहीत तर दावा निघून जात नाही, तो एकतर्फी चालतो. तुमचे यजमान शपथपत्र देतील, त्यांना प्रश्न विचारायला समोर कोणी नसेल आणि ‘पत्नी विनाकारण निघून गेली’ हे वाक्य न्यायालयाच्या निकालात बसेल. पुढची काही वर्षं प्रत्येक कोर्टात तो कागद तुमच्यासमोर ठेवला जाईल. आणि समन्स तर तुमच्या हातात पडलेलं आहेच. पुढे एखादं टपाल आलं तर तेही परत पाठवू नका. ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडला तरी ते मिळालं असंच कोर्ट धरतं.

आता दावा नेमकं काय मागतो ते पाहू. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ९ खाली हा दावा येतो. त्यात म्हटलंय की पती किंवा पत्नी वाजवी सबबीशिवाय जोडीदाराच्या सहवासातून निघून गेली असेल, तर दुसऱ्याने कोर्टात अर्ज करावा. अर्जातलं म्हणणं खरं वाटलं आणि कायद्याची दुसरी अडचण नसेल, तर कोर्ट सहवास पुन्हा सुरू करण्याचा हुकूमनामा देऊ शकतं. ‘देऊ शकतं’ हे शब्द लक्षात ठेवा, द्यायलाच हवा असं नाही. तुमच्या समन्ससोबत दाव्याची प्रत आली असेल, तिचं शेवटचं पान उघडा. ‘प्रतिवादीने अर्जदारासोबत नांदण्यास यावे असा हुकूम व्हावा’ अशा अर्थाची विनंती तिथे असेल. या दाव्याची मूळ मागणी एवढीच असते. मुलीचा ताबा तिच्यात आपोआप येत नाही. पण याच प्रकरणात मुलीला भेटण्यासाठी किंवा ताब्यासाठी वेगळा अर्ज ते करू शकतात, म्हणून पुढे येणारा प्रत्येक कागद नीट वाचा.

हुकूमनामा झाला आणि तुम्ही गेला नाहीत तर काय? त्याची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावता येते. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार अशा दरखास्तीत मालमत्तेवर जप्ती आणता येते, माणसाला तुरुंगात टाकता येत नाही. हे कायम असंच नव्हतं. लहानपणी लग्न झालेल्या रखमाबाईंवर त्यांच्या नवऱ्याने १८८४ साली मुंबई उच्च न्यायालयात असाच दावा लावला होता. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला, अपिलात तो पुन्हा उभा राहिला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली. शेवटी १८८८ मध्ये नवऱ्याला दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. त्या इंग्लंडला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. तुमच्या भावाच्या मनातली भीती त्या काळातली आहे. कैदेची तरतूद गेली, दावा मात्र उरला. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये कलम ९ घटनाबाह्य ठरवलं होतं, पण पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. २०१९ मध्ये त्याला नव्याने आव्हान दिलं गेलं. तुमच्या प्रकरणात मात्र कलम ९ लागू आहे असं धरूनच उत्तर द्यायचं आहे.

मग जप्तीखेरीज या हुकूमनाम्यात धार कुठे आहे? दोन ठिकाणी.

पहिली धार घटस्फोटाची. हुकूमनाम्यानंतर एक वर्ष किंवा जास्त काळ सहवास सुरू झाला नाही, तर कलम १३ च्या पोटकलम (१-अ) खाली दोघांपैकी कोणीही त्याच कारणावर घटस्फोट मागू शकतं. १९८४ च्या ज्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कलम ९ वैध ठरवलं, त्याचीच हकिकत पाहा. तो दावा पत्नीनेच लावला होता. पतीने कोर्टात ‘माझी हरकत नाही’ म्हणून संमती दिली आणि हुकूमनामा झाला. वर्ष उलटल्यावर त्याच पतीने सहवास झाला नाही म्हणून घटस्फोट मागितला. पत्नीचं म्हणणं होतं की तिला सासरी नेलं, दोन दिवस ठेवलं आणि घालवून दिलं. ते टिकलं नाही आणि घटस्फोट कायम झाला. नांदण्यासाठी लावलेला दावा शेवटी तिच्याच घटस्फोटाचं कारण ठरला. तुमच्या यजमानांच्या मनात काय आहे हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पण या वाटेने पुढे काय येऊ शकतं हे तुम्हाला आजच माहीत असलं पाहिजे.

दुसरी धार पोटगीची, आणि तुमच्या बाबतीत मला तीच जास्त दिसते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये (जुनं कलम १२५) असं आहे की पुरेशा कारणाशिवाय पतीसोबत राहायला नकार देणाऱ्या पत्नीला पोटगी मिळत नाही. जूनमध्ये तुमची पोटगीची नोटीस, ऑगस्टमध्ये त्यांची नांदण्याची नोटीस आणि लगेच दावा. हा क्रम मी इतक्या प्रकरणांत पाहिलाय की त्याची सवय झाली आहे. मात्र इथे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२५ रोजी मोठा दिलासा दिला. ते प्रकरण झारखंडचं. पतीने नांदण्याचा हुकूमनामा मिळवला होता, पत्नी गेली नाही, म्हणून उच्च न्यायालयाने तिची दरमहा दहा हजारांची पोटगी काढून घेतली. सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली. केवळ असा हुकूमनामा आहे आणि ती गेली नाही एवढ्यावरून पोटगी आपोआप बुडत नाही, न जाण्यामागे पुरेसं कारण होतं का हे प्रत्येक प्रकरणातल्या पुराव्यावरून ठरवावं, असं न्यायालयाने सांगितलं. म्हणजे इथेही सगळं येऊन ठेपतं तुमच्या कारणावर, आणि ते कारण तुम्ही कुठे, कधी व कसं मांडलंत यावर.

त्यासाठी कोणी काय सिद्ध करायचं हे आधी समजून घ्या. लग्न झालं आहे आणि तुम्ही सहवास सोडला आहे, हे यजमानांनी दाखवायचं. ते झालं की वाजवी सबब होती हे दाखवायचं ओझं तुमच्यावर येतं. कलम ९ च्या स्पष्टीकरणातच तसं लिहिलं आहे. म्हणून ‘दावा खोटा आहे’ एवढं म्हणून गप्प बसणं पुरत नाही. पण पहिली पायरीही सहज सोडून देऊ नका. वेगळ्या गावात राहणं म्हणजे सहवास सोडणं नव्हे. नोकरीसाठी जोडपी दोन शहरांत राहतात आणि संसार चालू असतो. आणि ज्याने स्वतः घराबाहेर काढलं, त्याने ‘ती निघून गेली’ म्हणायचं कसं? तुमच्या पत्रातली सर्वात महत्त्वाची ओळ मला स्वारगेटची वाटते. ती सिद्ध झाली तर दाव्याचा पायाच सुटतो. शिवाय कलम २३ सांगतं की स्वतःच्या चुकीचा फायदा घेऊन कोणाला या कायद्याखाली दाद मिळत नाही.

आता उत्तर, म्हणजे तुमची कैफियत. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत ती द्यायची. कारण दिलं तर कोर्ट ९० दिवसांपर्यंत मुदत वाढवू शकतं, पण त्या वाढीच्या भरवशावर राहू नका. कैफियत लिहिताना दाव्यातला एकेक परिच्छेद घ्यायचा आणि काय मान्य, काय अमान्य ते नेमकं सांगायचं. जे स्पष्ट नाकारलं नाही ते मान्य आहे असं कोर्ट धरू शकतं. बहुतेक कैफियती याच ठिकाणी कच्च्या राहतात. ‘परिच्छेद ४ ते ११ मधील मजकूर खोटा व अमान्य’ असं एका ओळीत उडवून दिलेलं असतं. समजा तुमच्या दाव्याच्या सातव्या परिच्छेदात लिहिलंय, ‘दि. १२ नोव्हेंबर रोजी प्रतिवादी कोणास काही न सांगता घर सोडून गेली.’ तर उत्तर साधारण असं असावं:

‘परिच्छेद ७ अमान्य. त्या दिवशी दुपारी पगाराच्या कारणावरून वाद झाल्यानंतर अर्जदाराने स्वतः प्रतिवादीस व मुलीस मोटारसायकलवरून स्वारगेट बसस्थानकावर आणले व कोल्हापूरच्या एसटीत बसवले. प्रतिवादीने घर स्वेच्छेने सोडलेले नाही. त्यानंतर अर्जदाराने प्रतिवादीस परत नेण्यासाठी कोणताही प्रयत्न केलेला नाही. पोटगीची नोटीस मिळाल्यानंतरच त्याने प्रथम नांदण्याची मागणी केली.’

मोटारसायकल, दुपार हे मी उदाहरणापुरतं घातलंय. तुमच्या बाबतीत जे घडलं तेच लिहा, एक शब्दही जास्त नको. आणि मग स्वतःला विचारा, हे दाखवायला माझ्याकडे काय आहे? त्या रात्री त्यांनी ‘पोचलात का’ असा संदेश पाठवला असेल, तर तो एक संदेश चार साक्षीदारांच्या तोडीचा आहे. न सांगता निघून गेलेल्या बायकोला कोणी पोचलीस का म्हणून विचारत नाही. फोन बदलू नका, गप्पा पुसू नका, नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. असा पुरावा दाखल करताना सोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते तुमचे वकील तयार करतील.

कानाच्या मारहाणीचंही तसंच. दवाखान्याचा केसपेपर शोधा, नसेल तर त्या दवाखान्यातून प्रत मागा. डॉक्टरांना तेव्हा काय सांगितलं होतं ते आठवा. खूप बायका ‘पाय घसरून पडले’ असं सांगतात आणि केसपेपरवर तेच लिहिलं जातं. तसं असेल तर लपवू नका. नवरा सोबत उभा होता म्हणून तसं सांगितलं, हे कैफियतीतच लिहा, नाहीतर उलटतपासणीत तो कागद तुमच्यावर उलटेल. पगारासाठी बँकेचा खातेउतारा काढा. दर महिन्याच्या एक-दोन तारखेला पगार जमा आणि लगेच सगळी रक्कम बाहेर, असं सहा वर्षं दिसत असेल तर वेगळं काही बोलायची गरज उरत नाही. त्या वेळी आईला, बहिणीला फोनवर जे सांगितलं असेल, त्या साक्षीलाही किंमत असते.

काय लिहू नये, हेही सांगते. रागाच्या भरात किंवा कोणाच्या सांगण्यावरून सासऱ्यांवर, दिरावर, सगळ्या घरावर न घडलेले आरोप करू नका. दोन खऱ्या घटना तारखेसह भक्कम उभ्या राहतात. त्यांच्या शेजारी दहा मोघम आरोप ठेवले की खऱ्या दोनही झाकोळतात. शिवाय सिद्ध न झालेले गंभीर आरोप हीच क्रूरता, असं म्हणून पुढे तुमच्यावर घटस्फोटाचा दावा होऊ शकतो.

तुमची शेवटची ओळ, संसार मोडायचा नाही पण त्या घरात जायचं नाही, ही कैफियतीतली सर्वात नाजूक जागा आहे. दोन चुका इथे नेहमी होतात. काही वकील पोटगी वाचावी म्हणून ‘प्रतिवादी नांदण्यास केव्हाही तयार आहे’ असं सरसकट लिहून टाकतात. मग न्यायाधीश म्हणतात, तयार आहात ना, मग हुकूमनामा घ्या. अर्जदाराला फुकटात हवं ते मिळतं आणि वर्षाचं घड्याळ सुरू होतं. दुसरी चूक म्हणजे ‘कदापि येणार नाही’ असं ठणकावून लिहायचं आणि कारण द्यायचं नाही. तुमची भूमिका या दोन्हींच्या मधली आहे आणि ती तशीच मांडता येते: मारहाणीमुळे आणि पगार हिसकावून घेतल्यामुळे त्या घरात राहणं सुरक्षित नाही, हीच माझी वाजवी सबब आहे, म्हणून हा दावा फेटाळावा. सुरक्षित व्यवस्था झाली तर बोलणी करायला मी तयार आहे.

इथे एक सावधगिरी. ‘वेगळं बिऱ्हाड करा तरच येईन’ ही मागणी एकटी उभी करू नका. पतीला त्याच्या आईवडिलांपासून विनाकारण तोडण्याचा सततचा आग्रह म्हणजे क्रूरता, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये एका प्रकरणात म्हटलं आहे. त्या निकालाशी मी स्वतः पूर्ण सहमत नाही, लग्न करून आलेल्या मुलीने मात्र आपले आईवडील सोडायचे हे त्यात गृहीत धरलं आहे. पण न्यायालयात तो निकाल तुमच्यासमोर ठेवला जाईल. म्हणून वेगळ्या घराचं कारण मारहाण आणि पगार आहे, सासू-सासरे नकोत हे नाही, हे कागदावर स्वच्छ दिसलं पाहिजे.

ऑगस्टच्या नोटिशीला उत्तर न दिल्याने दावा हरत नाही. पण ‘बोलावलं तरी उत्तरसुद्धा दिलं नाही’ असं ते म्हणणार. तेव्हा का दिलं नाही ते कैफियतीत एका वाक्यात सांगा आणि त्या नोटिशीतल्या मजकुरालाही तिथेच उत्तर द्या.

कौटुंबिक न्यायालयात गेल्यावर सुरुवातीला तुम्हा दोघांना विवाह समुपदेशकाकडे पाठवतील. तिथे मोकळेपणाने बोला. समुपदेशकासमोर झालेलं बोलणं गोपनीय असतं, ते पुरावा म्हणून वापरता येत नाही. तुमच्यासारख्या भूमिकेला खरी जागा हीच आहे. वेगळं भाड्याचं घर, पगार तुमच्या स्वतःच्या खात्यात, पहिले काही महिने ठरावीक अंतराने समुपदेशकांकडे भेट, असं काही ठरलं तर ते तोंडी ठेवू नका. लेखी तडजोड करून कोर्टात दाखल करा आणि अटी पाळल्या गेल्या नाहीत तर काय, तेही त्यात लिहा. एका बाईंना मी तोंडी आश्वासनावर परत जाताना पाहिलंय. तिसऱ्या आठवड्यात त्या पुन्हा माझ्यासमोर बसल्या होत्या, आणि दरम्यान त्यांचा पोटगीचा अर्ज त्यांनीच मागे घेतलेला होता. नांदायला जायचंच ठरलं तरी आधी कोणताही अर्ज मागे घेऊ नका.

तडजोड जमलीच नाही, तर फक्त बचाव करत बसायची सक्ती नाही. कलम २३-अ नुसार याच दाव्यात पतीच्या क्रूरतेच्या आधारावर तुम्ही प्रतिदावा करू शकता, मग तो घटस्फोटासाठी असो वा न्यायिक फारकतीसाठी. फारकतीत लग्न टिकतं, एकत्र राहण्याचं बंधन उठतं. संसार मोडायचा नाही पण तिथे राहायचंही नाही म्हणणाऱ्या काही जणींना ती वाट योग्य वाटते. मात्र फारकतीच्या हुकूमनाम्यानंतरही वर्षभर सहवास नसला तर त्यावर घटस्फोट मागता येतो, हे समजून मगच पाऊल टाका. घाईने प्रतिदावा करू नका, आधी समुपदेशन होऊ द्या.

पैशाचं लगेच बघा. याच दाव्यात कलम २४ खाली अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्च मागता येतो, त्यात कोल्हापूर-पुणे येण्याजाण्याचा खर्चही मांडा. या अर्जाची नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्याचा निकाल व्हावा असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात बरेचदा जास्त वेळ लागतो, म्हणून कैफियतीसोबतच हा अर्ज द्या. सोबत उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र दोघांनाही द्यावं लागतं. सध्या शिकवण्या किंवा दुसरं काही काम करत असाल तर ते खरं लिहा. थोडं कमावता म्हणून पोटगी नाकारली जात नाही, लपवलं तर मात्र सगळ्याच म्हणण्यावरचा विश्वास उडतो. जूनमध्ये तुम्ही फक्त नोटीस दिलीत, अर्ज अजून दिलेला दिसत नाही. कलम १४४ चा पोटगी अर्ज आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज तुम्ही राहता त्या ठिकाणी, म्हणजे कोल्हापुरात, करता येतो. मुलीच्या खर्चाची मागणी त्यात वेगळी लिहा. तुमच्या नांदण्या-न नांदण्याशी तिच्या हक्काचा काही संबंध नाही.

पुण्यात दावा लावणं यजमानांच्या हक्काचं होतं, कारण तुम्ही दोघं शेवटचं एकत्र तिथे राहिलात. पण लहान मूल आणि प्रवास या कारणांवरून तो कोल्हापूरला वर्ग करावा असा अर्ज उच्च न्यायालयात करता येतो. अशा अर्जात पत्नीच्या सोयीला बरंच वजन दिलं जातं. मात्र स्थगिती हातात येईपर्यंत पुण्याची तारीख चुकवायची नाही. वर्ग करण्याचा अर्ज दिलाय म्हणून इकडे गेले नाही, असं म्हणणाऱ्यांवर एकतर्फी निकाल झालेले आहेत.

चुकून तसं झालंच, तर तो हुकूमनामा रद्द करून घेण्यासाठी त्याच कोर्टात ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. दोन्ही बाजू ऐकून निकाल विरुद्ध गेला तर उच्च न्यायालयात अपील. अपिलाची मुदत कौटुंबिक न्यायालय कायद्यात ३० दिवस आणि हिंदू विवाह कायद्यात ९० दिवस लिहिलेली आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ९० दिवसांच्या बाजूने कौल दिला आहे, तरी मी माझ्या पक्षकारांना ३० दिवसांच्या आतच अपील करायला लावते. आणि हुकूमनाम्यानंतर तुम्ही जायचं ठरवलंत, दार मात्र उघडलं नाही, तर तिथून रडत परत फिरू नका. येण्याची तारीख आधी नोंदणीकृत पोस्टाने कळवा, सोबत कोणीतरी घेऊन जा आणि परत आल्यावर काय झालं ते पुन्हा पत्राने लिहून पाठवा. स्वतःच दार बंद करणाऱ्याला पुढे ‘वर्षभर सहवास झाला नाही’ या कारणाचा फायदा मिळू नये, त्यासाठी हे कागद लागतात.

वकिलाची फी ही अडचण असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कौटुंबिक न्यायालयात वकील हक्काने उभा राहत नाही, न्यायालयाची परवानगी लागते. ती सहसा मिळते, पण त्यासाठीचा अर्ज पहिल्याच तारखेला द्यावा लागतो. म्हणून या आठवड्यात दाव्याची प्रत, समन्स, दोन्ही नोटिसा, खातेउतारा, दवाखान्याचे कागद आणि तुमचा फोन घेऊन वकिलाकडे बसा. समन्स कोणत्या तारखेला हातात पडलं ते त्याच्याच पाठीवर लिहून ठेवा, तीस दिवस तिथून मोजायचे आहेत.